फोटोखालच्या दोन ओळी

ताई, नमस्कार. माझा मुलगा यंदा १६ जूनला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेला. प्रवेशोत्सवात मॅडमनी मुलांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतले. ओला पाय बुटात घालायला हा तयार होईना, म्हणून फोटोत एक बूट पायात आणि एक हातात आहे. तो रडला नाही. त्याच्या शर्टाला पिनेने रुमाल लावून दिला होता, तो मीच डोळे पुसायला काढून घेतला. वर्गाच्या दाराशी तो मला म्हणाला, “माय, तू आठेच बठ. मी येस.” त्या दिवशी शाळा दीड वाजता सुटली, तोवर मी आवारातल्या निंबाखाली बसून होते. फोटो स्टेटसला ठेवायचा आहे, पण चार दिवस झाले तरी कॅप्शन जमत नाही. एक लिहिले : “आज माझ्या काळजाचा तुकडा ज्ञानमंदिराची पहिली पायरी चढत आहे, डोळ्यांत पाणी आणि मनात आनंद.” मिस्टर म्हणाले, ही निमंत्रणपत्रिका वाटते. मग गमतीचे लिहिले : “मॅडम, आता तुम्ही सांभाळा, आमची सुटका झाली!” ते मलाच आवडले नाही. अहिराणीत लिहावे तर पुण्याची नणंद हसेल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, फोटो टाकूच नको, दृष्ट लागेल. वाचून हसू यावे आणि गलबलूनही यावे, असे कसे लिहू?
— एक आई, पारोळा तालुका

प्रिय ताई,

तुम्ही चार दिवस जी ओळ शोधत आहात ती तुमच्या पत्रात आधीच आली आहे. रुमालाची हकिगत संपते आणि स्टेटसचा प्रश्न सुरू होतो, त्यांच्या मध्ये तुम्ही ती सहज लिहून गेलात आणि तिच्याकडे पुन्हा पाहिले नाहीत. ती कोणती आणि फोटोखाली तशीच का चालणार नाही हे मी सांगणार आहे, पण त्याआधी तुमच्या दोन्ही कॅप्शनांबद्दल बोलू द्या, कारण ती का जमली नाहीत हे कळले की तिसरे आपोआप जमते.

पहिल्या कॅप्शनमधला एकही शब्द वाईट नाही. काळजाचा तुकडा, ज्ञानमंदिर, पहिली पायरी हे शब्द आपण स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनात, सत्काराच्या भाषणात आणि पत्रिकांवर इतके ऐकले आहेत की मन भरून आले की तेच आधी हाताशी येतात. तुमच्या मिस्टरांनी नेमके तेच ओळखले. हे कॅप्शन उचलून शेजारच्या मुलीच्या फोटोखाली ठेवून पाहा. ते तिथेही चपखल बसेल, धुळ्याच्या मुलाच्या फोटोखाली बसेल, नंदुरबारच्या जुळ्या भावंडांच्या फोटोखालीही बसेल. जे कोणाच्याही फोटोखाली बसते त्यात तुमचा मुलगा नाही, आणि तुम्हीही नाही. लिहिलेली प्रत्येक ओळ अशी मनातल्या मनात शेजारच्या घरी नेऊन पाहावी. ती तिथे राहायला तयार झाली, तर तिला खुशाल तिथेच राहू द्यावे आणि आपण दुसरी लिहावी.

हे मी मोठ्या किमतीला शिकले आहे. माझी मुलगी जून १९९८ मध्ये भुसावळला पहिल्यांदा शाळेत गेली. आम्ही तिला स्टुडिओत नेऊन फोटो काढला, आणि मी त्याच्या मागच्या बाजूला निळ्या शाईने लिहिले : “शाळेचा पहिला दिवस. खूप आनंद झाला.” तो फोटो आजही माझ्याकडे आहे. तिच्या हातात एक छोटा पिवळा डबा आहे आणि तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आहे. त्या डब्यात काय होते, तिने तो असा का धरला होता, घरातून निघताना ती काय म्हणाली, यातले मला काहीही आठवत नाही. आनंद झाला होता हे तर मला न लिहितासुद्धा आठवले असते. जे विसरायला होणार होते ते लिहायला हवे होते, आणि मी नेमके जे कधीच विसरणार नव्हते ते लिहून ठेवले. म्हणून तुमचे पत्र वाचताना कुंकवाचा पाय, रुमाल आणि निंबाचे झाड या गोष्टी तुम्ही चार दिवसांनीही इतक्या स्वच्छ सांगितल्यात, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या अजून तुमच्या हातात आहेत.

आता दुसरे कॅप्शन. ते तुम्हाला आवडले नाही, आणि तुमचे मन बरोबर होते. “आमची सुटका झाली” या वाक्याचा विनोद खोटेपणावर उभा आहे, कारण जी आई शाळा सुटेपर्यंत झाडाखाली बसून राहिली तिची सुटका झालेली नाही, आणि तिला ती नकोही आहे. खोट्या गोष्टीवरचे हसू ओठांवर येते आणि तिथेच विरते. दुसरे असे की या विनोदात मूल म्हणजे डोक्यावरचे ओझे ठरते. तुमचा मुलगा यंदा अक्षरे शिकणार आहे. दिवाळीच्या सुमारास तो दुकानांच्या पाट्या बोट ठेवून वाचायला लागेल आणि पुढच्या जूनमध्ये कदाचित हा फोटो उघडून खालच्या ओळी स्वतः वाचेल. ज्या वर्षी मूल वाचायला शिकते त्याच वर्षी आपण हे कॅप्शन लिहितो, ही गोष्ट बहुतेक आयांच्या ध्यानात येत नाही. त्याने अडखळत, एकेक अक्षर जोडत ते मोठ्याने वाचले, तर शेवटच्या शब्दाला त्याचा चेहरा कसा व्हावा असे तुम्हाला वाटते, हे डोळ्यांपुढे आणून लिहा. मूल रडले, चड्डी ओली केली, मॅडमला चावले, अशा गोष्टींवरची कॅप्शने मी पुष्कळ पाहिली आहेत. मोठी माणसे हसतात खरी, पण ते मूल चौदा वर्षांचे झाले की कोणीतरी तेच कॅप्शन वर्गात वाचून दाखवते. पहिल्या दिवसाच्या कॅप्शनमध्ये हसू यायचे असेल तर ते आईच्या धास्तीवर यावे, मुलाच्या फजितीवर येऊ नये.

तुमच्या त्या सकाळीत हसण्यासारखे नेमके काय आहे, ते पाहू. साधारणपणे आई मुलाला धीर देते, “रडू नको, मी इथेच आहे, येते बरं का” असे सांगते. तुमच्याकडे मुलाने आईला बसवले, मी परत येईन असे आश्वासन दिले आणि तो कामाला गेला. सहा वर्षांच्या माणसाने, एका पायात बूट आणि एक बूट हातात अशा अवस्थेत, आईची जबाबदारी घेतली. हसू आणि गलबलणे दोन्ही याच उलटापालटीत आहेत, आणि एकाच ठिकाणी आहेत, म्हणून ते वेगवेगळे आणून जोडण्याची गरज नाही. पुष्कळ जणी पहिली ओळ विनोदी आणि दुसरी हळवी लिहितात, मग ती दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटतात. तुमच्याकडे एकच गोष्ट दोन्ही कामे करते आहे. तिला फक्त मोकळी वाट द्यायची आहे.

पण तुमच्याकडे सांगण्यासारख्या चार गोष्टी आहेत : कुंकवाचा पाय, रुमाल, त्याचे वाक्य आणि तुमचे बसणे. चारही एका कॅप्शनमध्ये कोंबल्या तर एकही दिसणार नाही, तेव्हा निवड करावी लागेल, आणि निवडीचा नियम फोटोच सांगतो. जे फोटोत दिसते ते पुन्हा लिहायचे नाही. हातातला बूट आणि लाल पाऊल फोटोत आहे, बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाईल आणि तो स्वतःच हसेल. तुम्ही खाली “बघा, बूट हातात!” असे लिहिलेत, तर त्याचे शोधून काढण्याचे सुख तुम्ही हिरावून घेतले. रुमालाची गोष्ट मात्र फोटोत नाही आणि ती चांगली आहे. तिचे कॅप्शन असे होऊ शकते :

“रुमाल त्याच्यासाठी लावला होता. लागला मला.”

हे मला आवडते, आणि तुमच्याकडे ते वाक्य नसते तर मी हेच घ्या म्हणून सांगितले असते. पण यात मुलगा कुठे बोलत नाही. यात आईचे रडणे आहे, आणि आईचे रडणे या दिवशी बऱ्याच घरांत होते. “तू आठेच बठ” हे वाक्य मात्र या पृथ्वीवर एकाच मुलाने, एकाच दारात उभे राहून म्हटले आहे. ते शेजारच्या घरी राहायला जाणार नाही. तेव्हा रुमाल बाजूला ठेवू, त्याची जागा मी शेवटी सांगते.

आता हे वाक्य फोटोखाली कसे मांडायचे ते एकदा माझ्यासोबत करून पाहा. पहिल्या झटक्यात आपण सगळ्याच जणी असे लिहितो : “आज पहिल्यांदा शाळेत जाताना माझा लाडका मुलगा वर्गाच्या दाराशी मला म्हणाला की आई तू इथेच बस, मी येतो, आणि ते ऐकून मला इतके भरून आले की काय सांगू, मी खरोखरच शाळा सुटेपर्यंत बसून राहिले.” यात सगळे आहे, पण सगळे एकाच दमात आहे, त्यामुळे कुठे थांबून हसायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. पहिल्यांदा शाळेत जाण्याची गोष्ट काढा, कारण गणवेश, दप्तर आणि मागची शाळा पाहून ती कोणालाही कळते. “लाडका” काढा, कारण लाड नसता तर फोटो काढला नसता. मग “की” काढा. “म्हणाला की” असे लिहिले की मुलाचे बोलणे आपल्या बोलण्यात मुरते आणि त्याचा आवाज नाहीसा होतो. अवतरणचिन्हांत त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले की तो आवाज ऐकू येतो. शेवटी “भरून आले” काढा. हा शब्द काढताना हात थरथरेल, कारण तोच तर आपल्याला सांगायचा असतो, पण भरून आले असे आपण लिहिले की वाचणाऱ्याला भरून येत नाही, आणि नाही लिहिले तर येते. उरते ते असे :

“माय, तू आठेच बठ. मी येस.”
मी खरोखरच शाळा सुटेपर्यंत बसले होते.

बरेच जमले आहे, पण दुसरी ओळ अजून जड आहे. “खरोखरच” हा शब्द वाचणाऱ्याला कोपराने ढोसतो की आता हस. तो गेला पाहिजे. “मी” सुद्धा नको, आणि ही आपल्या मराठीची मोठी सोय आहे. क्रियापदाचा शेवटच कोण बसले ते सांगतो. “बसला” म्हटले की मुलगा, “बसले” म्हटले की आई, त्यासाठी वेगळा शब्द खर्ची घालावा लागत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून ती आईची एवढीशी मात्रा अगदी शेवटच्या अक्षरावर येऊन टेकते, आणि हसू तिथेच फुटते. आता “शाळा सुटेपर्यंत” या शब्दांकडे पाहा. ते खरे आहेत, पण गोल आहेत. घड्याळातली वेळ लिहिली की आई डोळ्यांपुढे येते, तिच्या पदरावर पडलेली निंबाची पाने दिसतात, आणि ती मधूनमधून मोबाईलवर वेळ पाहते आहे तेही दिसते. मग ते असे होते :

“माय, तू आठेच बठ. मी येस.”
दीड वाजेपर्यंत बसले.

हेच तुमचे कॅप्शन. याच्यापुढे काही लिहू नका. बदामाचे चिन्ह नको, डोळ्यांत पाणी असलेला चेहरा नको, “मिस यू बाळा” नको. या दोन ओळींनंतर जी क्षणभराची शांतता येते, तिच्यातच वाचणाऱ्याला आपली आई किंवा आपले मूल आठवते, आणि तिथे एखादे चित्र चिकटवले तर तेवढी जागा भरून जाते. मला माहीत आहे की इतके थोडे लिहून टाकताना अपुरे वाटते, कोणाला कळणार नाही अशी धाकधूक होते. ती धाकधूक सोसा. तुम्ही शाळेच्या आवारात तीन तास सोसली आहे, ही त्याच्यापुढे काहीच नाही.

धास्ती दाखवण्याविषयी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढच्या वर्षी धाकट्या कोणाची पाळी आली किंवा एखाद्या मैत्रिणीने विचारले तर ती उपयोगी पडेल. धास्ती नेहमी लहान आणि खऱ्या आकड्यात दाखवावी. “बाटलीचे झाकण शंभरदा तपासले” असे लिहिले की ते बोलण्याची लकब होते आणि कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. “झाकण तीनदा तपासले” असे लिहिले की ते हात दिसतात, झाकण पुन्हा उघडून पुन्हा घट्ट करणारे. तीन हा आकडा शंभरापेक्षा जास्त घाबरलेला आहे. आणि असे कृत्य एकच असावे. झाकण, डबा, दप्तराची चेन, बुटाची लेस अशी रांग लावली की ती यादी होते, आणि यादी वाचताना माणूस हसत नाही, मोजतो.

आता अहिराणीचे. याबाबत माझे मत ठाम आहे. मुलाने जे म्हटले ते तसेच लिहा. “आई, तू इथेच बस, मी येतो” हे व्याकरणाने निर्दोष वाक्य आहे, पण ते तुमच्या मुलाने म्हटलेले नाही. ते कोणत्यातरी पाठ्यपुस्तकातल्या मुलाने म्हटले आहे. “आठेच बठ” यातल्या दोन ठकारांत जो हुकूम आहे, पाय रोवून उभे राहिल्यासारखा, तो “इथेच बस” मध्ये नाही. शिवाय यातला एक विचार हृदयाला चटका लावणारा आहे. पहिलीच्या पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी असते, आणि मूल ती झपाट्याने उचलते. आज तो “शाया” म्हणत असेल, आपल्याकडे ळ चा य होतो म्हणून, “डोया” आणि “केयी” म्हणत असेल. वर्षभरात तो “शाळा” आणि “डोळा” म्हणू लागेल, ते त्याने म्हणायलाच हवे, आणि मग “मी येस” हे वाक्य या आवाजात पुन्हा ऐकू येईलच असे नाही. तुम्ही फोटोत त्याचा चेहरा जपत आहात, तर त्याच दिवसाची त्याची बोलीही जपा. रावेर-यावल भागातल्या आयांनाही मी हेच सांगते. त्यांच्या घरी लेवागणबोली असेल, तर मुलाचे वाक्य लेवागणबोलीतच ठेवावे. लिहिताना कानाला जसे आले तसे लिहा. “बठ” ऐकले असेल तर “बठ”, आणि मनात शुद्धलेखनाची शंका आली तरी त्याला “बैठ” किंवा “बस” करू नका.

पुण्याच्या नणंदबाई हसतील ही भीती मला समजते, कारण आपल्यापैकी अनेकींनी शहरात गेल्यावर आपली बोली पदराखाली झाकली आहे. पण कॅप्शन पुन्हा एकदा त्यांच्या डोळ्यांनी वाचून पाहा. त्यांना “बठ” कळले नाही असे क्षणभर धरले, तरी पुढच्याच ओळीत “बसले” आहे. तुमची दुसरी ओळ पहिल्या ओळीचा अर्थ सांगते, आणि अर्थ सांगताना गोष्टही पुढे नेते. म्हणून कंसात प्रमाण मराठी अर्थ देऊ नका. कंस आला की बोली पाहुणी होते, तिला ओळख करून द्यावी लागते. नणंदबाई तुमच्याच घरात वाढल्या आहेत. त्यांनाही लहानपणी कोणीतरी “आठेच बठ” म्हटले असेल, आणि मला वाटते की हे वाचून त्या हसतील त्याआधी त्यांना फोन करावासा वाटेल.

सासूबाईंचे म्हणणे मी मुळीच उडवून लावणार नाही. त्यांच्या काळजीची आणि माझ्या काळजीची भाषा वेगळी आहे, पण दोघींना एकच गोष्ट नको आहे : कोणत्याही अनोळखी नजरेने आपल्या मुलाला, तो कुठे आहे हे ठाऊक असताना, पाहावे. तेव्हा त्यांचे ऐकून काही गोष्टी करा. फोटोत तो पायरीवर उभा असेल आणि मागे शाळेची पाटी असेल, तर पाटीवर शाळेचे आणि गावाचे नाव असते. ती दिसू नये इतका फोटो वरून कापा. गळ्यात ओळखपत्र असेल तर त्यावर नाव, वर्ग आणि बहुधा तुमचा मोबाईल नंबर असतो, आणि फोटो मोठा करून ते सहज वाचता येते. ते झाकून घ्या, किंवा ओळखपत्र शर्टाच्या आत गेलेला दुसरा फोटो असेल तर तो घ्या. कॅप्शनमध्ये मुलाचे पूर्ण नाव आणि शाळेचे नाव नको, ते आपल्या दोन ओळींत नाहीच. दीड वाजल्याचा उल्लेख राहू द्यावा की नाही याचा मी विचार केला. शाळा रोजच दीडला सुटत असती तर मी तो काढायला सांगितला असता, कारण मूल रोज किती वाजता रस्त्यावर येते हे सगळ्यांना सांगू नये. पण त्या एका दिवशी लवकर सुटली होती, तेव्हा ती वेळ आता कोणाच्या उपयोगाची नाही.

स्टेटस ठेवण्यापूर्वी व्हॉट्सॲपच्या Status privacy मध्ये जाऊन पाहा. तिथे My contacts निवडलेले असेल तर दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत, ज्यांचे नंबर तुम्ही साठवले आहेत आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर साठवलेला आहे, त्या सगळ्यांना फोटो दिसतो. Only share with निवडून घरातली, माहेरची आणि जवळच्या मैत्रिणींची नावे तेवढी घेतली तर सासूबाईंनाही बरे वाटेल. आणि फोटो नेहमी मूल घरी परत आल्यावर, संध्याकाळी ठेवावा. सासूबाईंना आधी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढू द्या, मग फोटो जाऊ द्या. यात त्यांचा मान राहतो, मूल या क्षणी कुठे आहे ते कोणाला कळत नाही, आणि लिहिणाऱ्या आईचाही मोठा फायदा होतो. सकाळी घाईघाईने फोटो टाकणाऱ्या आईजवळ फक्त पहिली ओळ असते. “दीड वाजेपर्यंत बसले” ही ओळ दुपारी दीड वाजता जन्माला येते. तुम्ही चार दिवस थांबलात म्हणून काही बिघडलेले नाही. उलट तुमच्या मिस्टरांना, ते पेरणीच्या गडबडीत शेतावर असतील तर बांधावर बसून, ती निवांत वाचता येईल.

शेवटी त्या रुमालाची जागा. स्टेटस २४ तासांत पुसले जाते, म्हणून या फोटोची एक छापील प्रत काढून घ्या, आणि मागच्या बाजूला तुम्हाला हवे तितके लिहा. तिथे जागेचे बंधन नाही, नणंद नाही, अनोळखी नजर नाही. पेन दाबून लिहू नका, नाहीतर अक्षरांचे उठाव पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतात. कडेला हलक्या हाताने लिहा, शाई पूर्ण वाळू द्या आणि मगच फोटो अल्बममध्ये सरकवा. तिथे मुलाचे नाव लिहा, वर्गाच्या मॅडमचे लिहा, डब्यात काय दिले होते ते लिहा आणि त्यातले किती परत आले तेही लिहा. तुमच्या पत्रात डब्याचा उल्लेख नाही, तेव्हा आजच आठवून ठेवा, माझ्यासारखे करू नका. मी तुमच्या जागी असते तर असे लिहिले असते, मोकळ्या जागा तुम्ही भरा :

“१६ जून २०२५, सोमवार. इयत्ता पहिली. डाव्या की उजव्या पायाचा ठसा : ……. बूट घरी येईपर्यंत हातातच होता. डब्यात : ……. रुमाल त्याच्यासाठी लावला होता, लागला मला. बाहेर आल्यावर मी अजून निंबाखालीच आहे का ते त्याने आधी पाहिले, आणि मला म्हणाला : …….”